भराव पावसावर सोडू का?

पत्र

कोल्हापुरात उपनगरात 30 बाय 30 फुटांचं घर बांधतोय. 12 कॉलम, सहा खण. पाच फूट खोल खड्डे काढले. वर फूटभर काळी माती लागली, खाली तांबूस मुरूम. फुटिंग झाल्यावर निघालेलीच माती जेसीबीनं एका दुपारी खड्ड्यांत ढकलली. मुरमापासून दगडी बांधकाम उचलून त्यावर प्लिंथ बीम ओतला, त्यालाही पंधरा दिवस झाले. आता आतला भराव. कंत्राटदार माझ्या बायकोचा मामेभाऊ. तो म्हणतोय, "डंपर ओतून घेऊ, पाणी सोडू, एक पाऊस खाल्ला की आपोआप बसतोय बघा. दिवाळीला फरशी टाकू." वडीलही म्हणतात, पूर्वी असंच करायचे. पण शेजारच्या गल्लीत चार वर्षांच्या घराची फरशी भिंतीकडेनं खाली गेली आहे, ते बघून झोप लागत नाही. आमच्या बीममध्ये 16 एमएमच्या सळया आहेत, बीम भक्कम आहे, तरी फरशी खचेल का? थराथरानं भरायचा आग्रह धरू, की पावसाळाभर थांबू? नात्यात वाकडेपणा नको आहे.

उत्तर

नमस्कार,

आधी बीमबद्दल बोलू, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. प्लिंथ बीम कॉलमला बांधलेला असतो, कॉलम फुटिंगवर उभा असतो आणि तुमचं फुटिंग पाच फुटांवरच्या घट्ट मुरमात आहे. भिंतीचं वजन त्या वाटेनं खाली जातं. तुमच्या फरशीचं वजन मात्र त्या वाटेनं जात नाही. फरशी पीसीसीवर म्हणजे बिनसळईच्या काँक्रीटवर, पीसीसी सोलिंगवर म्हणजे दगडांच्या थरावर, सोलिंग भरावावर. बीमची फक्त चौकट आहे, फरशीला तिचा आधार नाही. म्हणून भराव खाली गेला की भिंत जागच्या जागी राहते आणि फरशी तिच्यापासून सुटून खाली उतरते. शेजारच्या घरी स्कर्टिंगच्या खाली फट दिसली असेल ती हीच. बीममध्ये 16 च्या जागी 20 च्या सळया असत्या तरी ती फट तेवढीच पडली असती.

आता ती फरशी भिंतीकडेनं आणि त्यातही कोपऱ्यांत का गेली असेल, ते बघा. तुमच्याच घराचे आकडे घेऊ. तुमच्या खोलीच्या मध्यभागी काळी माती काढल्यावर खाली मूळचा मुरूम आहे, त्यावर साधारण 30 इंच भराव येईल. कॉलमजवळ मात्र फुटिंगचा खड्डा आहे. तिथे फुटिंगच्या माथ्यापासून खड्ड्याच्या तोंडापर्यंत आणखी 30 इंच भरलेली माती आहे, म्हणजे एकूण 60. समजा सगळी माती सारखीच सैल आहे आणि पुढे आपल्या उंचीच्या तीन टक्के बसली. खोलीच्या मध्यभागी फरशी जेमतेम एक इंच उतरेल, कोपऱ्यात जवळपास दोन इंच. हा फरकच फरशी फोडतो. कपाट भिंतीकडे कलतं, खोलीत गोटी टाकली तर कोपरा गाठते, आणि पीसीसीला खड्ड्याच्या काठाकाठानं वाकडी भेग जाते.

म्हणून मी तुमचा प्रश्न थोडा बदलून घेते. वरचा 30 इंच भराव कसा भरायचा हे तुम्ही विचारलंत, पण जेसीबीनं एका दुपारी जे भरून टाकलं ते मला जास्त टोचतंय. वरचा भराव तुम्ही कितीही चोख केलात तरी खालचे 30 इंच सैल असतील तर कोपरे जाणारच. त्याकडे येतेच, पण आधी पावसाबद्दल.

तुमच्या वडिलांचं म्हणणं निराधार नाही. जुन्या घरांचं जोतं दगडमातीचं, उंची कमी, भराव पाट्या-पाट्यांनी माणसं टाकायची, त्यावरून दिवसभर चालायची आणि धुमस घ्यायची. मग पावसाळा जायचा, आणि वर फरशी नसून शेणानं सारवलेली जमीन असायची, जी खचली तर मूठभर माती टाकून पुन्हा सारवता यायची. त्यातला पावसाळाच तेवढा आपल्या लक्षात राहिला, चालणारे पाय आणि धुमस विसरले गेले.

पाणी काय करतं हे नीट समजून घ्या. मे महिन्यातला कोरडा मुरूम डंपरमधून पडतो तेव्हा त्याचे खडे एकमेकांवर कसेही टेकतात आणि मधे पोकळ्या राहतात. खडा खड्याला धरून राहतो तो कोरड्या धुळीच्या जोरावर. पाणी लागलं की ती धूळ ढिली होते आणि खडे थोडे खाली सरकतात. म्हणजे पाण्यानं भराव बसतो, हे अर्धं खरं आहे. पण तो पाण्यापुरताच बसतो. खड्यांना एकमेकांत दाबून पोकळी भरायला जोर लागतो आणि तो पाण्याकडे नाही. वाळूत पाणी सोडून बसवणं चालतं, कारण वाळूतून पाणी लगेच निघून जातं. मुरमात बारीक मातीचा अंश असतो. पाणी सोडलं की बारीक माती वर तरंगून साय धरते, वरून सगळं गच्च बसल्यासारखं दिसतं आणि पाणी आतल्या ठरावीक वाटांनी खाली जातं. बीमच्या चौकटीत ते हौदासारखं साठतं. तळाला काळी माती राहिली असेल तर तिचा चिखल होतो, आणि सुकताना ती आक्रसून भेगाळते.

आणखी एक गोष्ट. जुलैपर्यंत वर स्लॅब पडला तर आतल्या भरावावर पाऊस पडणारच नाही. मग पावसाळाभर थांबून मिळवलं काय? तो भराव तसाच कोरडा आणि सैल राहील, आणि त्याला पहिलं खरं पाणी लागेल ते चार-पाच वर्षांनी, बाथरूमचा पाइप झिरपेल तेव्हा, किंवा बाहेरच्या गटारीचं पाणी जोत्याखाली शिरेल तेव्हा. 2019 च्या पुरानंतर नदीकाठच्या एका घरी मला बोलावलं होतं. पाणी ओसरल्यावर हॉलची फरशी मधोमध ठीक होती, चारही कोपऱ्यांत बोटभर खाली. घरातल्यांना वाटलं पुरानं माती वाहून नेली. आम्ही कोपऱ्यातली फरशी काढून उकरलं तर माती सगळी जागेवर होती, फक्त तिला भरल्यापासून पहिल्यांदा पाणी मिळालं होतं. त्या भरावात सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या आणि सेंट्रिंगच्या फळीचे तुकडेही निघाले.

तेव्हा पावसावर सोडू नका. आत्ताच, मे महिन्यात, करून घ्या. मी काय करीन ते सांगते.

सगळ्यात आधी सहाही खणांतली काळी माती मुरूम लागेपर्यंत काढा. तुमच्याकडे ती फूटभरच आहे, हे नशीब समजा. पंचगंगेकाठच्या काळ्या रानात ती दोन पुरुष खोल असते आणि तिथे हा उपाय पुरत नाही. काळी माती पाण्यानं फुगते आणि उन्हानं आक्रसते. ती खाली ठेवून वर कितीही चांगला मुरूम दाबला तरी फरशी वर-खाली होत राहील. काढलेली माती बागेला उत्तम. भरावात तिची एक पाटीही परत जाऊ देऊ नका.

मग कोपरे. तुमचे सहा खण, प्रत्येकाला चार कोपरे, म्हणजे 24 जागा. फुटिंगचा खड्डा पाच बाय पाचचा धरला आणि मधून बीम गेला की प्रत्येक खणाच्या कोपऱ्यात त्या खड्ड्याचा साधारण दोन बाय दोन फुटांचा भाग येतो. एक 12 एमएमची सळई घ्या, टोक घासून घ्या आणि त्या कोपऱ्यात हातानं दाबून बघा. मग तीच सळई खोलीच्या मध्यभागी, मूळच्या मुरमात दाबा. मध्यभागी ती इंचभर जाऊन थांबेल. कोपऱ्यात फूटभर खाली गेली तर तुम्हाला कुणाचं मत विचारायची गरज नाही. मामेभावालाही तिथेच उभं करून त्याच्या हातात सळई द्या. एका दुपारी ढकललेली माती होती, ती जाणारच.

असे कोपरे फुटिंगचा माथा लागेपर्यंत उकरायचे. ऐकायला मोठं वाटतं, पण हिशेब करा: दोन बाय दोन बाय अडीच फूट म्हणजे 10 घनफूट, 24 कोपऱ्यांचे 240 घनफूट, म्हणजे अडीच ब्राससुद्धा नाही. दोन माणसांचं चार-पाच दिवसांचं काम आहे. फरशी टाकल्यावर हेच काम करायचं म्हटलं तर घर रिकामं करावं लागेल. उकरताना दोन गोष्टी सांभाळा. फुटिंगच्या माथ्याखाली फावडं घालायचं नाही. आणि बीमखालच्या दगडी बांधकामाच्या बुडाखाली आत शिरून माती काढायची नाही. त्या पट्टीखालची माती तशीच राहील, तेवढं सोडून द्यावं लागतं. एका वेळी एका खणाचेच कोपरे उघडा, ते भरून झाले की पुढचा.

हे खड्डे सहा-सहा इंच सैल मुरूम टाकून हातधुमसानंच भरावे लागतील, कारण इतक्या जागेत प्लेट कॉम्पॅक्टरचं मशीन फिरत नाही. सात-आठ किलोची लोखंडी धुमस, आणि कॉलमच्या अगदी कडेला पहारीचा बुंधा. धुमस उचलून सोडली की सुरुवातीला आवाज बोदा येतो, माती बसत गेली की खणखणीत होतो आणि धुमस हातात उसळी मारते. गवंड्यांना हा आवाज चांगला माहीत असतो, फक्त त्याची वाट बघायला वेळ द्यायला हवा.

आता वरचा मुख्य भराव. काळी माती काढल्यावर बीमच्या माथ्यापासून खाली 40 इंच आहेत. त्यातले चार पीसीसीचे, सहा सोलिंगचे. उरले 30. हे 30 इंच सहा थरांत भरा, बसून पाच इंचांचा एक थर. मुरूम सैल असताना जास्त जागा घेतो, त्यामुळे पाच इंचासाठी साधारण साडेसहा इंच पसरावा लागतो. एवढ्या जाडीला छोटा प्लेट कॉम्पॅक्टर पुरतो. सरकारी कामांतही भरावाचा थर 20 सेंटीमीटरच्या वर जाऊ देत नाहीत, आणि धुमसचा जोर वरच्या चार-पाच इंचांतच खर्च होतो, म्हणून घरच्या कामात मी त्याहून पातळच ठेवते.

थराची जाडी नजरेनं कधीच बरोबर येत नाही. डंपर ओतला की ढीग पसरताना सहा इंचांचे दहा होतात आणि कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी लेव्हल ट्यूब लावून बीमच्या आणि खालच्या बांधकामाच्या आतल्या अंगावर दर पाच इंचांवर चुन्याची रेघ मारून घ्या. सहा रेघा. प्रत्येक थर दाबून झाल्यावर रेघेला टेकला पाहिजे. मी हे जिथे जिथे केलं, तिथे मजुरांना "थर पातळ घ्या" असं दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

मुरूम मागवताना हिशेब असा. आतलं क्षेत्र बीमची जाडी वजा करून साधारण 750 चौरस फूट, अडीच फूट उंची, म्हणजे बसलेला भराव 1875 घनफूट, जवळपास 19 ब्रास. सैल मुरूम त्याच्या सव्वा ते दीडपटीच्या मधे लागतो. 25 ब्रास धरा, कोपऱ्यांसाठी आणखी तीन. एकूण 28. इथे एक जुना घोळ असतो. भरावाचे पैसे खेपांवर ठरले तर सैल भरण्यात कुणाचं नुकसान नसतं, आणि एकूण ठोक रकमेत ठरले तर सैल भरण्यात फायदाच असतो, कारण 19 ब्रासमध्येच खण भरलेला दिसतो. 19 ब्रास मुरूम येऊन खण काठोकाठ भरला असेल, तर त्यात मुरमाबरोबर हवाही भरली आहे. म्हणून किती खेपा आल्या याची वही तुम्ही ठेवा आणि पैसे मात्र रेघेपर्यंत बसलेल्या थरावर द्या. मामेभावाशी भांडायची गरज नाही. "मशीनचं भाडं आणि जादा मुरूम माझ्याकडे, तू फक्त थर सांभाळ" असं म्हणा. बहुतेकदा कंत्राटदाराचा विरोध पद्धतीला नसतो, तो खर्च आणि आठ दिवस आपल्या अंगावर येतील याला असतो. ते अंगावर घेतलेत तर नातंही राहील आणि फरशीही. दुसऱ्या वाचकांना मात्र सांगेन, करार करतानाच भरावाच्या ओळीत थराची जाडी, पाणी आणि दाबणी लिहून घ्या. नंतर मागायला गेलं की ते उपकार होतात.

पाणी. कोरडा मुरूम दाबला तर खडे एकमेकांवर अडून बसतात, आणि जास्त ओला दाबला तर पोकळीत पाणी भरलेलं असतं, ते जागा सोडत नाही. मधली एक ओल असते, तिच्यावरच मुरूम सर्वात घट्ट बसतो. प्रयोगशाळेत ती प्रॉक्टर चाचणीनं काढतात. साइटवर मूठ पुरते. मुरूम मुठीत घट्ट दाबा. गोळा झाला पाहिजे, पण तळहाताला पाणी लागता कामा नये. तो गोळा छातीच्या उंचीवरून सोडा. दोन-चार तुकडे झाले तर ओल बरोबर. भुगा झाला तर कोरडा, आणि जमिनीवर थापीसारखा चपटा बसला तर पाणी जास्त. मे महिन्यातला मुरूम असेल तर अंदाज म्हणून ब्रासला 250 लिटर पाणी धरा, म्हणजे सव्वा बॅरल. तुमचा एक थर साधारण चार ब्रासचा, त्याला पाच बॅरल. हे पाणी पाइप सोडून एका जागी ओतायचं नाही. मुरूम पसरला की झारीनं किंवा पाइपाला नोझल लावून सगळीकडे शिंपडायचं, फावड्यानं एकदा खालीवर करायचं, पाणी मुरू द्यायचं आणि मग दाबायचं. संध्याकाळी पसरून पाणी मारलं आणि सकाळी मूठ बघून मशीन लावलं तर सर्वात बरं.

दाबताना आधी कडा, मग मध्य. प्लेट बीमला घासून फिरत नाही. कडेची पाच-सहा इंचांची पट्टी नेहमी राहून जाते, आणि तुमच्या शेजारच्या गल्लीतली फरशी नेमकी त्याच पट्टीवर सुटली असेल. ती पट्टी आणि कोपरे आधी हातधुमसानं घ्या. मग प्लेट उभी फिरवा, मग आडवी, असे तीन-चार फेरे. फेऱ्यानंतर पाऊल टाकल्यावर जमीन गादीसारखी हलली, म्हणजे दाबलं की शेजारी वर आली, तर पाणी जास्त झालं आहे. आणखी दाबून ती घट्ट होणार नाही, उलट बिघडेल. तो थर फावड्यानं मोकळा करून अर्धा दिवस उन्हात सोडा. भाड्यानं मशीन मिळण्याची अडचण कोल्हापुरात नाही. मुरूम असेल तर थरथरणारी प्लेट चालते. मातीचा अंश जास्त आणि चिकट असेल तर उड्या मारणारी रॅमर घ्या, प्लेट नुसती वरून गुळगुळीत करते.

एकाच खणात तीन-चार थर भरून पुढे जाऊ नका. सहाही खण एकेका थरानं सारखे वर आणा. मधल्या बीमच्या एका बाजूला दोन फूट दाबलेला मुरूम आणि दुसरीकडे मोकळं असं झालं की बीम आणि खालचं दगडी बांधकाम आडवं ढकललं जातं. बाहेरच्या बाजूलाही माती साधारण त्याच वेळी चढवा. पंधरा दिवसांचा बीम झाला आहे, तेव्हा धुमसच्या धक्क्याची काळजी नाही. सातव्या दिवसाच्या आत कुणी भरायला घेत असेल तर मात्र थांबवा.

मुरमात तीन इंचांपेक्षा मोठा दगड नको. मोठ्या दगडाच्या कुशीत मुरूम बसत नाही, पोकळी राहते. साइटवरचा कचरा, विटांचे तुकडे, लाकूड, नारळाची करवंटी, काही नको. लाकूड कुजतं, त्याची जागा रिकामी होते, आणि तोवर त्याला वाळवी लागलेली असते.

प्रत्येक थरानंतर तपास. सळई तर आहेच. त्याखेरीज मला आवडणारी एक तपासणी सांगते, तिला खर्च शून्य. दाबलेल्या थरात पाच इंच रुंद आणि तेवढाच खोल खड्डा काढा, निघालेली सगळी माती एका कागदावर जमवा, एक खडाही सांडू देऊ नका. मग तीच माती नुसती हातानं, न दाबता, त्या खड्ड्यात परत टाका. भराव घट्ट असेल तर माती खड्ड्यात मावत नाही, वर छोटा ढीग उरतो. सैल असेल तर सगळी मावते, कधी कधी खड्डा रिकामाही राहतो. दोन-तीन जागी, त्यातली एक कोपऱ्यात, करून बघा. मोठं घर असेल, किंवा भराव चार फुटांवर जात असेल, तर एवढ्यावर थांबू नका. मटेरियल टेस्टिंग लॅबकडून सँड रिप्लेसमेंट पद्धतीनं घनता काढून घ्या. प्रॉक्टरच्या 95 टक्के आली की भराव पास.

ड्रेनेजचा पाइप भराव भरताना मधेच ठेवून त्यावर मुरूम ढकलू नका. त्याच्या खाली आणि बगलेला कधीच नीट दाबलं जात नाही, आणि पुढे जोड सुटून गळती तिथेच होते. शेवटचा थर झाल्यावर पाइपाची चरी कापा, पाइप टाका, पाणी भरून तपासा, मग बारीक मुरूम दोन्ही बगलांना सारखा धुमसत चरी भरा.

मोठ्या अडचणीची शक्यताही सांगून ठेवते. कोपरे उकरायला मामेभाऊ अजिबात तयार झाला नाही, किंवा कुणा वाचकाकडे काळी माती इतकी खोल आहे की काढणंच शक्य नाही, तर पीसीसीत जाळी टाकली की काम झालं असं समजू नका. आठ एमएमची जाळी दोन फुटांच्या सैल खड्ड्यावर पुलासारखी उभी राहते, पण सगळा भरावच बसला तर जाळीसकट पीसीसी खाली जाते. अशा जागी फरशीखाली बीमवर टेकलेला आरसीसी स्लॅब लागतो, आणि तो भार बीम, कॉलम, फुटिंग सगळ्यांवर येत असल्यानं ते डिझायनरनं सुरुवातीलाच धरलेलं असावं लागतं. तुमचा बीम भिंतीपुरता डिझाइन झाला असेल. आता त्यावर स्लॅब टेकवायचा विचार इंजिनिअरला विचारल्याशिवाय करू नका.

ज्यांची फरशी आधीच खाली गेली आहे, अशांची पत्रंही येतात. स्कर्टिंगखालच्या फटीत पांढरं सिमेंट भरून काही होत नाही, सहा महिन्यांत फट परत उघडते. आधी पाणी कुठून येतंय ते शोधा: बाथरूमचा ट्रॅप, ड्रेनेजचा जोड, जोत्याला लागून साचणारं पागोळ्यांचं पाणी. घुशीची बिळंही बघा. बीमखालच्या फटीतून घूस शिरली की पाट्याच्या पाट्या माती बाहेर काढते. पाणी आणि घूस थांबल्यावर कोपऱ्यातली फरशी वाजवून बघा. पोकळ वाजते तिथपर्यंत फरशी आणि पीसीसी काढून, घट्ट माती लागेपर्यंत उकरून, वर सांगितलं तसं थराथरानं भरावं लागतं.

तुमचं काम धरलं तर काळी माती काढायला दोन दिवस, कोपऱ्यांना चार-पाच, सहा थरांना सहा-सात. मृगाच्या आधी सोलिंगपर्यंत पोचता येईल. सोलिंगचे दगड उभे लावून घ्या, फटींत बारीक खडी आणि मुरूम ठोकून भरा, आणि पीसीसी त्याच आठवड्यात ओता, म्हणजे पावसाचं पाणी भरावात उतरणार नाही. पीसीसी झाली की प्रत्येक खणाच्या चारही कोपऱ्यांत बीमवर, पीसीसीच्या पातळीला लागून, एक बारीक रेघ कोरून ठेवा. दिवाळीत फरशी टाकायच्या आधी त्या 24 रेघा बघा. पीसीसी कुठे रेघेच्या खाली गेली असेल तर त्याच कोपऱ्यात फरशी थांबवा आणि मला परत लिहा.